उताऱ्यातून उचललेलं उत्तर आणि स्वतःच्या शब्दांतलं उत्तर: गुण कसे द्यायचे?

प्रश्न: मी देवगडजवळच्या मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवते, दुसरंच वर्ष आहे. अपठित उताऱ्यावरच्या दोन गुणांच्या प्रश्नाला एका मुलाने उताऱ्यातल्या दोन ओळी जशाच्या तशा लिहिल्या, एकही चूक नाही. त्याला दोन दिले. एका मुलीने स्वतःच्या शब्दांत लिहिलं, पण व्याकरण पार मोडलेलं, तिला एक दिला. आता तिचे वडील विचारायला येणार आहेत. माझं चुकलं का?

उत्तर:

ताई, त्या मुलाच्या दोन ओळी नेमक्या कुठल्या हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं तिथेच अडतं. म्हणून माझ्याच वर्गातला एक उतारा घेऊन सांगतो.

एका सहामाहीला मी स्वतःच एक उतारा रचला होता. एक मुलगी आपल्या वडिलांबद्दल सांगते. त्या सोमवारी समुद्र शांत होता, तरी वडिलांनी होडी पाण्यात लोटली नाही. शेजारच्या गावचे लोक त्यांना हसले. सकाळी त्यांनी डोंगराच्या टोकावरचा आभाळाचा रंग बघितला होता. चार वाजता वारा फिरला आणि हसणारेच दोरासाठी ओरडू लागले. प्रश्न असा: समुद्र शांत असूनही वडिलांनी होडी का नेली नाही? दोन गुण. एक आभाळाचा रंग पाहिला यासाठी, दुसरा त्यावरून वादळ ओळखलं यासाठी. ही दुसरी गोष्ट उताऱ्यात कुठेच सरळ लिहिलेली नव्हती, मुद्दामच.

पहिलं उत्तर: ‘माय फादर डिड नॉट टेक द बोट आउट दॅट मंडे, दो द सी वॉज काम. द मेन फ्रॉम द नेक्स्ट व्हिलेज लाफ्ड ॲट हिम.’ अक्षर सुंदर, चूक एकही नाही, आणि उत्तरही नाही. प्रश्नातला ‘बोट’ आणि ‘काम’ हे शब्द मुलाने उताऱ्यात शोधले, ते सापडले ती ओळ उचलली आणि दोन गुण आहेत म्हणून पुढची एक जोडली. प्रश्न ‘का’ विचारतो, त्यातलं काहीच यात नाही. शून्य. तुमच्या मुलाचं उत्तर या जातीचं असेल तर ते दोन गुण गेले.

दुसरंही उचललेलंच, पण ओळ वेगळी: ‘ही हॅड सीन द कलर ऑफ द स्काय ओव्हर द हेडलँड इन द मॉर्निंग.’ ही ओळ नेमकी निवडलेली आहे. मागचंपुढचं काही ओढून आणलेलं नाही, म्हणजे मुलगा कुठे थांबायचं ते जाणतो. पण वादळापर्यंत तो पोहोचलेला नाही, एक गुण. गंमत अशी की ‘वडिलांनी सकाळी काय पाहिलं होतं?’ असा प्रश्न असता, तर याच ओळीला मी पूर्ण गुण दिले असते. सरळ माहिती विचारणाऱ्या प्रश्नाचं उत्तर उताऱ्यातच असतं, ते उचललं म्हणून गुण कापायचं काही कारण नाही.

तिसरं एका मुलीचं: ‘बिकॉज हर फादर सी द स्काय अँड अंडरस्टँड दॅट स्टॉर्म इज कमिंग.’ क्रियापदांचा काळ गेला, तरी दोन गुण. यात एक शब्द बघा, ‘हर’. उताऱ्यात ‘माय’ होतं. ते बदलणाऱ्या मुलीला बोलतंय कोण हे कळलेलं आहे. पहिल्या उत्तरात तो ‘माय’ तसाच राहिला होता. तपासताना मी आधी हेच बघतो. एखादा ‘धिस’ किंवा ‘हाउएव्हर’ मागचं वाक्य नसताना लटकत राहिलेला दिसला, तर मुलाने पट्टीने मोजून कापल्यासारखी ओळ घेतली आहे एवढं कळतं.

आणि चौथं, ज्याने आपण सगळेच फसतो: ‘द फादर स्टेड ॲट होम बिकॉज द व्हिलेजर्स लाफ्ड ॲट हिम.’ स्वतःचे शब्द, व्याकरण चोख, आणि अर्थ साफ चुकलेला. लोक हसले ते वडील थांबले म्हणून, हसले म्हणून ते थांबले नाहीत. शून्य. स्वतःच्या शब्दांना वेगळा गुण नसतो. शब्द बदलताना ‘सम’चं ‘ऑल’ होतं, ‘मे’चं ‘विल’ होतं, कारण आणि परिणाम जागा बदलतात, म्हणून असं उत्तर उचललेल्या उत्तराइतकंच बारकाईने वाचावं लागतं.

व्याकरणाचं म्हणाल, तर आकलनाच्या प्रश्नात मी ते मोजत नाही. त्याला स्वतंत्र प्रश्न असतो. मात्र कोण कोणाला हसलं हेच उलटं झालं, किंवा ‘नॉट’ गळून गेलं, तर ती अर्थाची चूक. मधली एक अडचण आपल्याच मुलांची आहे. ‘ही सॉ द स्काय बिकॉज ही डिड नॉट टेक द बोट.’ इंग्रजीत वाचलं तर कारण उलटं. पण पोराच्या डोक्यात ‘आभाळ बघितलं म्हणून होडी नेली नाही’ असं वाक्य असतं, आणि ‘म्हणून’च्या जागी तो ‘बिकॉज’ ठेवून देतो. होडी नेली नाही म्हणून आभाळ दिसलं, असं उताऱ्यावरून कोणी म्हणणार नाही. मी तिथे आभाळाचा गुण देतो, समासात ‘सो’ लिहितो आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर तेवढंच घेतो.

आता उचलणाऱ्या मुलांबद्दल. त्या सहामाहीला ज्यांनी ओळी उतरवल्या होत्या, त्यातल्या काहींना मी मधल्या सुट्टीत बोलावून मराठीतच विचारलं, होडी का नेली नाही रे? पहिल्या उत्तरवाला म्हणाला, ‘लोक हसले म्हणून.’ त्याला कळलंच नव्हतं. दुसऱ्या उत्तरवाला, बाप ट्रॉलरवर जाणारा, लगेच म्हणाला, ‘मळब बघून तेका कळला, वारो फिरतलो म्हणान.’ मग लिहिलं का नाहीस? ‘सर, चुकला असता तर?’ त्याला सगळं कळलं होतं, लाल पेनची भीती तेवढी जास्त होती, आणि ती भीती माझ्याच लाल पेनने घातलेली होती. लेखी परीक्षेचे गुण मात्र कागदावर जे आहे त्याचेच द्यावे लागतात. तोंडी उत्तरावरून मी त्याचा एकाचा दोन केला नाही, पण पुढे त्याच्या वहीत आकलनाखालच्या स्पेलिंगच्या चुकांना गोल करणं बंद केलं.

हे सगळं सारांशाला आणि स्वमताला लागू नाही. दहावीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली स्वमताची कृती असते, तिथे उताऱ्यातली ओळ आली तर ते मतच नव्हे. सारांशात सलग वाक्यं उतरवली तर संक्षेप करण्याचं जे काम मागितलंय ते झालेलंच नसतं.

तुमच्या दोन उत्तरपत्रिकांचं असं करा. उतारा पालथा ठेवा आणि फक्त प्रश्न व उत्तर वाचा. उतारा न वाचलेल्या माणसाला त्यातून प्रश्नाचं उत्तर मिळतं का? मुलाच्या दोन ओळींत ज्या शब्दांनी उत्तर मिळतं तेवढ्यांखाली रेघ मारा. रेघ कुठेच पडली नाही तर दोन गुण टिकत नाहीत. मुलीच्या उत्तरात दोन्ही मुद्दे असतील तर तिचा एकाचा दोन करा, शेजारी सही करा, आणि वडील यायच्या आधी गुणतक्त्यात दुरुस्ती करून ठेवा. मुलाचे गुण कमी होत असतील तर त्यालाही बोलावून ती रेघ दाखवा, नाहीतर पुढच्या आठवड्यात त्याचे वडील येतील.