‘स्वतःविषयी’च्या रकान्यात काय लिहावं

बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझा लग्नाचा बायोडेटा काल रात्री दोनदा वाचला. ‘स्वतःविषयी’ या रकान्यात तू लिहिलं आहेस: ‘बी.एस्सी., डीएमएलटी, नामांकित रुग्णालयात नोकरी, मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष, परंपरा आणि आधुनिकता यांचा मेळ घालणारी.’ यातलं शिक्षण आणि नोकरी वरच्या रकान्यांत आलेलीच आहे. तेच पुन्हा खाली उतरवलंस, की तुझ्या शब्दांत बोलायची एकुलती जागा वाया गेली. उरली विशेषणं. नौपाड्यातल्या वधूवर मंडळात मी चौदा वर्षं नोंदणीचं काम केलं. ‘मनमिळाऊ’ नसलेली मुलगी आणि ‘निर्व्यसनी’ नसलेला मुलगा त्या वह्यांत क्वचितच सापडला असेल. त्यामुळे माणसं तो मजकूर वाचतच नाहीत. फोटो, पगार आणि पत्रिकेवर स्थळ निवडून मोकळी होतात.

परवा फोनवर तू सहज म्हणालीस, की लहान मुलाचं रक्त घ्यायचं असलं की वॉर्डातून तुलाच बोलावतात, कारण तू आधी त्याच्या बाहुलीच्या हाताला पट्टा बांधून दाखवतेस. अगं, हे का नाही लिहिलंस? ते वाचल्यावर ‘मनमिळाऊ’ म्हणायची गरजच उरत नाही. प्रत्येक विशेषण खोडताना स्वतःला विचार, की अशी मी शेवटची कधी वागले? आठवलं तर तो प्रसंग लिही. नाही आठवलं तर शब्द काढून टाक.

आता अवघड भाग. कळव्याच्या घराच्या कर्जाचा थोडा हप्ता तू भरतेस आणि अजून चार वर्षं भरणार आहेस. आई म्हणते, लग्न ठरल्यावर सांगू. मी आईचं मन जाणते, पण हे तिचं ऐकू नकोस. मंडळात असताना एक स्थळ याद्यांच्या बैठकीनंतर मोडलेलं मी पाहिलं आहे. हॉलचा ॲडव्हान्सही भरून झाला होता. मुलगी भावाच्या शिक्षणाला पैसे देते, हे मुलाकडच्यांना तेव्हा तिसऱ्याच माणसाकडून कळलं. मुलाचे वडील मला म्हणाले, ‘पैशाचं काही नाही हो, आम्हीही दिलेच असते. पण लपवलं का?’ त्या मुलीचा चेहरा मी विसरलेले नाही. म्हणून कर्जाची गोष्ट आणि तिची मुदत मजकुरात लिही. रक्कम मात्र पहिल्या भेटीत तोंडी सांग, कारण बायोडेटा या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत राहतो. त्याच कारणाने रुग्णालयाचं आणि इमारतीचं नावही नको.

‘अपेक्षा: समजूतदार, उच्चशिक्षित’ यातही काही हाती लागत नाही. समजूतदार म्हणजे काय, असं मी विचारल्यावर तू लगेच म्हणालीस, ‘रात्रपाळी करून आल्यावर दुपारपर्यंत झोपले तर कुणी कुरकुर करू नये.’ हीच तुझी खरी अपेक्षा.

तू सांगितलेल्यातूनच मी असं मांडून पाहिलं:

‘नवी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम करते. लहान मुलांचं रक्त घ्यायला बहुतेकदा मलाच बोलावतात. मी आधी बाहुलीला पट्टा बांधून दाखवते. महिन्यातून एक आठवडा रात्रपाळी असते, तेव्हा सकाळी घरी येऊन दुपारपर्यंत झोपते. रोजचा स्वयंपाक येतो, पुरणपोळी अजून आईच करते. सुट्टीच्या रविवारी पहाटे येऊरला चालायला जाते. आई-बाबांच्या घराच्या कर्जाचा काही हप्ता मी भरते, अजून चार वर्षं, म्हणजे लग्नानंतरही, भरणार आहे. नोकरी चालू ठेवणार आहे. दिवसा झोपलेल्या माणसासाठी घर शांत ठेवणं ज्याला जड वाटणार नाही, असा जोडीदार हवा.’

येऊरचं वाक्य खरं असेल तरच ठेव. वर्षातून दोनदा जात असशील तर काढ, कारण पहिल्याच भेटीत कुणीतरी विचारणार, ‘गेल्या रविवारी गेला होतात का?’

मग नाव झाकून हा कागद लॅबमधल्या मैत्रिणीला वाचायला दे. तिने तुला ओळखलं तर मजकूर जमला. फोन कमी येतील, हे आधीच सांगून ठेवते. रात्रपाळी न चालणारी घरं फोनच करणार नाहीत. पण जी करतील ती ‘नोकरी सोडणार का’ असं विचारणार नाहीत, तर ‘रात्रपाळी कोणत्या आठवड्यात असते’ असं विचारतील. फोनवर आधीचेच प्रश्न येत राहिले, तर समज, मजकुरात अजून काहीतरी झाकलेलं आहे.

कर्जाच्या वाक्यावर आई अडेल. तिच्याशी वाद घालू नकोस. रविवारी तिला घेऊन ये, मीच बोलते तिच्याशी.

तुझी,
काकू