वही मिट, मग माइक उघड

*ताई, मी इंदूरला सुदामानगरमध्ये राहते. काम पुण्याच्या कंपनीचं, घरूनच. मंगळवारी आणि शुक्रवारी साडेदहाला नऊ जणांची मीटिंग असते. अनम्यूट करायची वेळ आली की छातीत धडधडतं, कॅमेऱ्यात माझा लालबुंद चेहरा दिसत राहतो. बोलायचं ते आधी वहीत लिहून घेते, तरी आवाज कापतो. मीटिंग चाळीस मिनिटांची, पण नंतर तासभर पडून राहावं लागतं. कॅमेरा बंद ठेवायची परवानगी मागू का?*

मागू नकोस. आणि त्या वहीबद्दल तू अर्ध्या वाक्यात सांगून पुढे गेलीस, मला तिच्याबद्दलच बोलायचंय.

कसं होत असेल ते सांगते. दहा बावन्नला तुझ्या लक्षात येतं की मालाचा आकडा चुकलाय. तू लिहितेस, ‘मला असं वाटतं की’. ते खोडून ‘माझ्या माहितीप्रमाणे’. पुढे ‘माल येऊन राहिला आहे’ असं लिहिलं जातं, ते इंदुरी वाटेल, पुण्याचे लोक हसतील, म्हणून ‘येत आहे’. एवढं होईपर्यंत चर्चा दोन मुद्दे पुढे गेलेली असते. मग तू मागच्या मुद्द्यावर, मान खाली घालून, वाचून दाखवतेस. लिहिलेलं वाक्य लांब असतं, मध्ये श्वास कुठे घ्यायचा ते ठरलेलं नसतं, त्यात एखादा शब्द सुटला की तू धडपडतेस. आवाज कापणारच गं!

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये सोशल अँक्झायटी का टिकून राहते ते मांडलं. त्यात अशा बचावाच्या सवयींना मोठी जागा आहे. मीटिंग बरी गेली तर तू म्हणतेस, वही होती म्हणून निभावलं. वाईट गेली तर पुढच्या वेळी दोन पानं जास्त. न लिहिता बोलल्यावर खरोखर काय होतं, हे तुला आजवर कळलेलंच नाही. दुसरी सवय म्हणजे आपला चेहरा तपासत राहणं. लक्ष सगळं आत वळतं, ‘मी कशी दिसतेय’ याकडे, आणि समोरचे आठ जण काय म्हणताहेत ते निसटतं.

तुझा तो तासाभराचा थकवाही मला इथूनच आलेला दिसतो. चाळीस मिनिटं तू ऐकतेस, मनात वाक्यं दुरुस्त करतेस आणि आरशात बघतेस, तिन्ही एकदम. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये व्हिडिओ मीटिंगच्या थकव्याची चार कारणं मांडली, त्यात सतत स्वतःला बघणं हे एक आहे.

बोलून झाल्यावर पसरते त्या शांततेचंही सांगते, कारण तिला तू नक्की घाबरत असणार. समोरासमोर बोलताना एकाचं संपलं की दुसरा सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात सुरू होतो, आणि मध्ये ‘हं’, ‘बरं’, ‘हो ना’ चालूच असतं. ऑनलाइन सगळे म्यूटवर, म्हणजे तो ‘हं’ तुझ्यापर्यंत पोचत नाही. आवाज जायला-यायला वेळ लागतो आणि समोरच्यालाही माइकचं बटण शोधावं लागतं. ते दोन सेकंद तुला नापसंतीसारखे वाटतात. ते नेटचे आणि बटणाचे आहेत.

आता मंगळवारचं. कॅमेरा चालू ठेव, पण आपली चौकट लपव. झूम असेल तर आपल्या व्हिडिओवर राइट क्लिक करून `Hide Self View`. बाकीच्यांना तू दिसत राहशील, फक्त तुझ्यापुरता आरसा झाकला जाईल. वही दुसऱ्या खोलीत ठेव. टेबलावर एक चिठोरं, त्यावर साडेदहाच्या आधी एवढंच लिही की तुला काय होईल असं वाटतंय. नेमकं लिही, ‘कोणीतरी हसेल’ किंवा ‘मी मध्येच थांबेन आणि कोणी काही बोलणार नाही’. मग पहिल्या दहा मिनिटांत, न लिहिलेलं एक वाक्य बोल. लवकर बोलायचं, कारण जितकं थांबशील तितकं मनात वाक्य घोटशील. ‘येऊन राहिला’ तोंडातून निघालं तर निघू दे. आवाज कापला तरी वाक्य पुरं कर आणि पडद्यावरच्या एका माणसाचा चेहरा बघत राहा.

मीटिंग संपताच त्याच चिठोऱ्याच्या मागे, तू जे डोळ्यांनी पाहिलंस आणि कानांनी ऐकलंस तेवढंच लिही. ‘त्यांना वाटलं असेल’ हे त्यात नको. पहिल्याच मंगळवारी धडधड जाणार नाही. सलग चार-पाच मीटिंगा हेच कर.

हे मीटिंगपुरतं नसेल, फोन, बँक, लग्नकार्यंही तू टाळत असशील, तर चिठोऱ्यावर भागणार नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा आणि विचारांच्या व वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या सीबीटी या उपचाराबद्दल विचार. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आणि चोवीस तास चालू असतो. फोनवर बोलायचंय म्हणून तिथेही वाक्य लिहून घ्यायला बसू नकोस.

मंगळवारी दुपारी चिठोऱ्याच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते मला जसंच्या तसं कळव. मी वाट बघतेय.