एमआरआयमध्ये डिस्क बल्ज आणि प्रोट्रुजन आलंय. कंबरदुखी त्याचीच का?

प्रश्न: वय ४१. कंबर दुखते म्हणून एमआरआय केला. एल४-एल५ ला डिफ्यूज बल्ज आणि एल५-एस१ ला प्रोट्रुजन लिहिलंय. पुढे एक्स्ट्रुजन होईल का? शेजारच्या काकांना एक्स्ट्रुजन होतं, पण ते रोज मजेत विरार लोकलने जातात. हे कसं?

उत्तर:

बल्ज सोडून द्या. प्रोट्रुजन दुखण्याशी जुळतं का एवढं तपासा. त्याचं एक्स्ट्रुजन होईलच असं काही नसतं. काकांचं नंतर सांगतो. असे रिपोर्ट लिहिणं हाच माझा धंदा आहे, म्हणून त्या शब्दांमागचं मोजमाप आधी.

एल४-एल५ म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली डिस्क, एल५-एस१ तिच्या खालची. आडव्या छेदाच्या फोटोत डिस्क घड्याळाच्या तबकडीसारखी दिसते. मणक्याच्या हाडाची कड म्हणजे तबकडीची कड. डिस्क त्या कडेबाहेर २५ टक्क्यांहून जास्त परिघावर, म्हणजे १५ मिनिटांपेक्षा मोठ्या भागात, सरसकट आली असेल तर तो बल्ज. गादीवर बसलं की ती कडेने फुगते ना, तसं. बल्जला हर्निएशन म्हणतच नाहीत. त्याहून कमी भागात एकाच जागी आली तर हर्निएशन, आणि मग तिचा आकार बघायचा. बाहेर आलेल्या भागाचं बूड सगळ्यात रुंद असेल तर प्रोट्रुजन. मान बारीक आणि डोकं मोठं, म्हणजे फाटलेल्या पोळीतून पुरण बाहेर यावं तसं असेल तर एक्स्ट्रुजन. तो तुकडा मूळ डिस्कपासून सुटलाच तर सिक्वेस्ट्रेशन. यात कुठेही दुखण्याची पातळी नाही. ही आकाराची नावं आहेत, आणि बल्ज-प्रोट्रुजन-एक्स्ट्रुजन हा काही इयत्ता चढत जायचा क्रमही नाही.

शिवाय ही रेघ माणसांनीच आखलेली आहे. २००१ च्या व्याख्येत बल्जसाठी निम्म्याहून जास्त परीघ लागायचा, आणि २५ ते ५० टक्क्यांमध्ये आलं तर ब्रॉड-बेस्ड प्रोट्रुजन म्हणायचे. २०१४ च्या सुधारित व्याख्येत तोच फोटो बल्ज झाला. रिपोर्ट लिहिणारा कोणत्या सालच्या सवयीचा आहे यावर तुमचा 'आजार' ठरतो. २०१७ साली छापून आलेल्या अभ्यासात अमेरिकेत एका ६३ वर्षांच्या बाईंचा एमआरआय तीन आठवड्यांत दहा केंद्रांवर करून पाहिला. मिळून ४९ वेगवेगळे निष्कर्ष निघाले, आणि त्यातला एकही दहाच्या दहा रिपोर्टांत नव्हता.

आता तुमच्या वयाचा हिशोब. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या स्कॅनचा २०१५ चा एकत्रित आढावा सांगतो की चाळिशीत निम्म्यांना बल्ज असतो आणि तिघांत एकाला प्रोट्रुजन. म्हणजे तुमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ठणठणीत बसलेल्यांना सरसकट मशीनमध्ये घातलं तरी तुमच्यासारखेच रिपोर्ट छापून येतील. एक्स्ट्रुजनचं मात्र तसं नाही. १९९४ च्या अभ्यासात न दुखणाऱ्या ९८ जणांत प्रोट्रुजन २७ टक्के निघालं, एक्स्ट्रुजन फक्त १ टक्का. त्यामुळे तो शब्द आला की मी दोनदा बघतो.

मग काका? त्यांचा कधीतरी पाय जोरात दुखलाच असेल, बघा विचारून. डिस्कचा गर बाहेर पडला की शरीर त्याला परका समजतं, तिथे रक्तवाहिन्या पोचतात आणि पेशी तो खाऊन टाकतात. म्हणून मोठं, सुटलेलं एक्स्ट्रुजन बरेचदा महिन्यांत आटतं, आणि आवरणाच्या आत राहिलेला बल्ज वर्षानुवर्षं तसाच राहतो. शिवाय नुसत्या दाबाने नस बधिर होते, तीव्र दुखण्यासाठी तिला सूज यावी लागते. ती सूज उतरली की फोटो तसाच असूनही माणूस लोकल पकडतो.

जुळवायचं कसं, ते एका उदाहरणावर बघा. समजा ४६ वर्षांचा माणूस. रिपोर्टमध्ये एल४-एल५ ला डावीकडे प्रोट्रुजन, डावी एल५ नस दाबलेली. पट्टा लावला, ट्रॅक्शन घेतलं, सहा आठवडे गेले, फरक शून्य. एल५ नसेचं दुखणं नितंबातून पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागावर आणि अंगठ्याकडे जातं. अंगठा वर उचलण्याची ताकद कमी होते. याचं दुखणं उजवीकडे, तेही जांघेत. अंगठ्याची ताकद दोन्हीकडे सारखी. उताणा झोपवून पाय सरळ उचलला तरी गुडघ्याखाली कळ जात नाही. पण मांडी घालून बसता येत नाही, मोजा घालताना जीव जातो. गुडघा छातीकडे वाकवून पाऊल बाहेरच्या बाजूला फिरवलं की जांघेत कळ. बाजू जुळत नाही, पातळी जुळत नाही. हे दुखणं खुब्याचं. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलं होतं का, हे इथे विचारायलाच हवं, कारण त्याने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. कंबरेच्या एमआरआयच्या चौकटीत खुबा नसतो, आणि सुरुवातीला एक्स-रेही स्वच्छ येतो. दोन्ही खुब्यांचा एमआरआय केला की सापडतं. प्रोट्रुजन खरंच होतं, फक्त त्याचा या दुखण्याशी संबंध नव्हता.

तुमच्या प्रश्नात पायाचा उल्लेख नाही. फक्त कंबर दुखत असेल तर ते डिस्कच्या बाहेरच्या थरातून, मागच्या सांध्यांतून किंवा स्नायूंतून येऊ शकतं, आणि यातलं नेमकं कोण हे फोटो सांगत नाही. उलट पाय दुखत असेल तर कुठून कुठवर जातं ते बोटाने दाखवा. पाऊल बाहेरच्या कडेला, करंगळीकडे बधिर असेल आणि एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नसेल तर ती एस१ नस. तेव्हा एल५-एस१ च्या प्रोट्रुजनला अर्थ येतो, बाजू तीच असेल तर.

माझं जुनं भांडण असं की प्रत्येक रिपोर्टखाली 'या वयात न दुखणाऱ्या इतक्या लोकांत हे दिसतं' अशी ओळ छापावी. एक ऑर्थोपेडिक मित्र म्हणतो, कोण वाचतं, लोक रिपोर्टच्या शेवटचं इम्प्रेशन बघून घाबरतात. अमेरिकेतल्या दोन लाखांहून जास्त रुग्णांच्या, २०२० मध्ये छापून आलेल्या चाचणीत अर्ध्या रुग्णांच्या रिपोर्टांत नेमकी हीच ओळ टाकून पाहिली, आणि एकूण तपासण्या-उपचार काही घटले नाहीत. अफूजन्य गोळ्या तेवढ्या किंचित कमी लिहिल्या गेल्या. म्हणजे तो बराचसा बरोबर. मी तरी ओळ टाकतो. रिपोर्ट शेवटी पेशंटच्या हातात जातो, आणि घरी जाऊन तो 'नस दबली' एवढंच सांगतो.

हे सगळं एका अटीवर. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, पाऊल लटकायला लागलं, तर माझं हे उत्तर विसरा. फोटोत काय आहे याची वाट न बघता त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. ताप, उतरतं वजन किंवा पूर्वीचा कॅन्सर असेल तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि तेव्हा एमआरआय टाळूही नका.