जुळा दिसणारा दात आणि शेजारचा साधा दात

“मुलगा ९ वर्षांचा आहे. वरचा पुढचा एक दात फारच रुंद आला असून त्याला मधोमध खाच आहे, दोन दात चिकटल्यासारखे दिसतात. शाळेत मुले चिडवतात. त्यातला एक कापून काढता येईल का?”

हा प्रश्न घेऊन आलेल्या आईवडिलांना मी प्रथम मुलाचे दात मोजायला सांगितले. वरच्या दोन सुळ्यांच्या मधे पटाशीचे चार दात असायला हवेत. रुंद दात एकच धरायचा आणि मोजायचे. तीनच भरले, तर दोन स्वतंत्र दातांचे अंकुर हिरडीच्या आत वाढतानाच एकमेकांना जोडले गेले असण्याची शक्यता अधिक. याला फ्युजन म्हणतात. चार भरले, तर एकाच अंकुराने दुभंगण्याचा अर्धवट प्रयत्न केला असावा, ते जेमिनेशन. आईने बोट ठेवत मोजले, चार भरले.

मात्र एवढ्यावर निदान करता येत नाही, कारण मोजणी दोन्ही बाजूंनी फसवू शकते. नेहमीचा दात एखाद्या जादा दाताशी जोडला गेला असेल, तर फ्युजन असूनही संख्या चारच भरते. उलट, जेमिनेशन झालेल्या मुलात शेजारचा दात जन्मतःच नसेल, तर संख्या तीन येऊन ते फ्युजन वाटते. म्हणून एक्स-रे काढला, तोही दोन वेगवेगळ्या कोनांतून, कारण सपाट चित्रात एकामागे एक असलेल्या नसेच्या दोन नळ्या एकच भासू शकतात. दोन्ही चित्रांत मूळ एकच होते, नसेची नळीही एकच रुंद होती आणि दुभंग फक्त वरच्या भागात होता. त्यामुळे आम्ही जेमिनेशन मानले. फ्युजनमध्ये पुष्कळदा दोन मुळे किंवा दोन नळ्या दिसतात, पण नेहमीच नाही. काही दातांबाबत अनुभवी दंतवैद्यांचेही एकमत होत नाही, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

कापण्याच्या प्रश्नाचे उत्तर या चित्रातच होते. जोडलेल्या दोन दातांची मुळे आणि नसा वेगळ्या असतील, तर निवडक मुलांत शस्त्रक्रियेने एक भाग वेगळा करता येतो. इथे नस दोन्ही अर्ध्या भागांना सामाईक होती, म्हणजे मधून कापले असते तर ती थेट उघडी पडली असती, आणि त्या वयात मुळाचे टोकही पुरते बंद झालेले नसते. कडा थोड्या घासून रुंदी किंचित कमी करता येते, पण त्यालाही आतल्या नसेची मर्यादा आहे. त्यामुळे आम्ही खाच दाताच्या रंगाच्या कॉम्पोझिटने भरली, जेणेकरून तिथे अन्न अडकून कीड लागणार नाही आणि दुभंगही कमी उठून दिसेल. रुंदीचा निर्णय कायमचे सुळे आल्यानंतर दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांबरोबर घ्यायचे ठरले.

त्याच एक्स-रेमध्ये दुसऱ्या बाजूचा पटाशीचा लहान दात पाहून मात्र मी थांबलो. समोरून तो अगदी साधा होता. चित्रात त्याच्या पोटात इनॅमलइतक्याच पांढऱ्या कडेचा, उलट्या थेंबासारखा एक आकार होता. आरशाने टाळूकडची बाजू पाहिली, तेव्हा तिथे टाचणीच्या टोकाएवढा एक खड्डा सापडला. हा डेन्स इनव्हॅजिनेटस: दात घडत असताना वरचा थर आत दुमडला जातो आणि दाताच्या आत इनॅमलचा कप्पा तयार होतो. वरचा हा लहान दात त्याची सर्वांत नेहमीची जागा आहे. कप्प्याच्या तळाशी इनॅमल फार पातळ किंवा तुटक असू शकते, त्यामुळे जंतू कीड न दिसताच नसेपर्यंत पोहोचतात आणि दात उगवल्यावर काही काळातच नस मरू शकते.

“तक्रार त्या दाताची आणि इलाज या दाताचा?” वडिलांनी विचारले. मी त्यांना दंतसंशोधक ओहलर्स यांनी १९५७ मध्ये केलेले या दोषाचे तीन प्रकार कागदावर काढून दाखवले. पहिल्यात कप्पा दाताच्या वरच्या भागातच संपतो, दुसऱ्यात तो मुळात उतरतो पण तळ बंद असतो, तिसऱ्यात तो मुळातून आरपार जाऊन बाजूला किंवा टोकाशी उघडतो. मुलाचा दात पहिल्या प्रकारचा होता आणि गार स्पर्शाला प्रतिसाद देत होता, म्हणून खड्डा साफ करून पातळ रेझिनने बंद करणे पुरेसे ठरले. तिसरा प्रकार असता तर त्रिमितीय स्कॅन करून नळ्यांचा मार्ग पाहावा लागला असता.

हा दोष बऱ्याचदा दोन्ही बाजूंना आढळतो, म्हणून रुंद दाताच्या शेजारचा जोडीदारही तपासला. त्यातही उथळ खड्डा होता, तोही बंद केला. कोवळ्या दातात गार स्पर्शाची चाचणी पूर्ण भरवशाची नसल्यामुळे सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढून मुळाची वाढ पाहायची आहे. तोवर आईवडिलांना एवढेच पाहायला सांगितले आहे: दाताचा रंग काळसर होतो का, आणि त्यावरच्या हिरडीवर पुटकुळी उठते का. ती दुखत नसली तरी दुसऱ्याच दिवशी मुलाला घेऊन यायचे.