फोटोत केस-कपडे बदलायला ॲप की सॉफ्टवेअर?

प्रश्न: फोटोत केसांचा रंग आणि ड्रेस पटकन बदलून बघायचाय. नवशिकी आहे. मोबाइल ॲप पुरेल की कॉम्प्युटरवरचं शिकू?

नुसतं कसं दिसेल एवढंच बघायचं असेल, तर ॲप. केस ते स्वतःच ओळखतं. पण फोटो मोठा करून कपाळाजवळ बघा: सुट्या बटांभोवती धूसर पट्टा, नाहीतर कानावर सांडलेला रंग दिसतोच. तो बोटाने नेमका पुसणं म्हणजे वैताग.

कॉम्प्युटरवर, समजा GIMP या मोफत फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये, काळे केस तपकिरी करायचेत. फोटोवर नवा लेयर, म्हणजे पारदर्शक थर, घेऊन त्यात रंग भरला आणि तो खालच्या फोटोत कसा मिसळायचा हे ठरवणारा मोड HSL Color ठेवला, तरी केस जवळपास काळेच राहतात. हा मोड मूळ उजळपणा तसाच ठेवतो आणि काळ्यात तो नसतोच. म्हणून आधी केस निवडून उजळपणा कमी-जास्त करणाऱ्या Curves ने थोडे उजळा, मग रंग चढतो. लेयर मास्क, म्हणजे लेयरचा काही भाग न पुसता नुसता झाकणारा पडदा, वापरलात तर कडा नंतरही सुधारता येतात.

ड्रेसचा रंग याच युक्तीने बदलतो, चुण्याही टिकतात. ड्रेसच वेगळा हवा असेल तर मात्र त्याच कोनातला, तशाच उजेडातला दुसरा फोटो लागतो. तिथे नवशिक्याने ॲपवरच भागवावं. फक्त बोटं आणि गळ्याची कड तपासा, गडबड तिथेच होते.