पाणी पिऊ काय?

"ताई, पोराले जूनमधी आश्रमशाळेत टाकलं, पाचवीले. दिवाळीले घरी आलं तं आमचंच पोर वाटून नाही राह्यलं. पाणी प्यायले बी इचारते. भाकर उशाखाली लपवते. आजीसंगं कोलामीत बोलत नाही. तिथं कायी झालं का त्याले? काढून आणू काय?"

हे विचारणारे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पोडावरचे, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचे. दुसऱ्या दिवशी ते मुलाला घेऊन तालुक्याला माझ्याकडे आले, सोबत त्यांचे थोरले भाऊ, मुलाचे मोठेबाबा. मुलाने चपला दाराबाहेर भिंतीला समांतर लावल्या, आत येऊन हात मागे बांधले आणि नजर समोरच्या कॅलेंडरवर ठेवून उभा राहिला. बस म्हटल्यावर बसला. माझ्या हातून पेन पडलं, तर पुन्हा उभा.

मी काही बोलायच्या आत मोठेबाबा म्हणाले, "ताई, हे गिनतीले उभं राह्यलं."

गिनती म्हणजे तुरुंगातली कैद्यांची मोजणी, आणि मोठेबाबा भावकीच्या भांडणात शिक्षा भोगून आलेले. त्यांनी सांगितलं, कच्च्या कैदेत होते तोवर अंगावर घरचे कपडे होते. शिक्षा लागली त्या दिवशी तुरुंगाचे कपडे आले आणि नंबर आला. "नंबर आला तवा समजलं, आता आपण आपले नाही." पुढे फर्लोच्या सुट्टीवर घरी आले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं, तरी ते बाहेर उभे राहिले. कोणीतरी उघडेल म्हणून. बायको आतून म्हणाली, ढकला ना.

मग मी मुलाला त्याच्या शाळेतल्या पहिल्या दिवसाचं चित्र काढायला दिलं. त्याने पेटी काढली आणि तिच्यावर मोठ्ठा आकडा. (आकडा इथे देत नाही, नावही देता येत नाही. त्याच्यासाठी दोन्ही सारखेच झाले होते.) थोडं थोडं करून बाकीचं कळलं. उवा होत्या म्हणून मशीनने डोकं साफ केलं. खरूज पसरू नये म्हणून कपडे उकळायला नेले. कमरेचा करदोटा आंघोळीच्या वेळी काढला, तो परत मिळाला नाही. ताट, पेटी, अंथरूण यांवर एकच नंबर पडला. हजेरीला आडनाव, आणि त्या आडनावाचे वर्गात चौघे.

यातल्या एकेका गोष्टीला कारण आहे आणि ते खोटं नाही. उवा खऱ्या असतात, कपडे खरंच अदलाबदल होतात. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलाकडे 'मी' म्हणायला असतं तरी काय? केस, करदोटा, आईने शिवलेली पिशवी, घरातली हाक. ते सगळं एका दुपारी गेलं, आणि बदल्यात जे मिळालं ते शेजारच्या मुलाला मिळालं तसंच.

अर्विंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९५५-५६ मध्ये वॉशिंग्टनच्या एका मोठ्या मनोरुग्णालयात वर्षभर रुग्णांमध्ये वावरून हेच पाहिलं. त्याने तुरुंग, बराकी, निवासी शाळा यांना एका रांगेत बसवलं तेव्हा पुष्कळांना ते खटकलं. मलाही शिकताना खटकलं होतं. शाळा ती शाळा. पण त्याचा मुद्दा क्रूरतेचा नव्हताच. झोपणं, खेळणं आणि काम, तिन्ही एकाच कुंपणात, त्याच त्या माणसांच्या हुकुमाखाली आणि सगळ्यांनी घोळक्याने करायचं, हे जिथे जमून येतं तिथे माणूस असा सोलला जातो, असं त्याचं म्हणणं.

मुलाने सांगितलेला एक प्रसंग त्यात नेमका बसतो. गणित चुकलं म्हणून सर रागावले. रात्री तो मान खाली घालून जेवत होता. वाढणाऱ्याने ते पाहिलं आणि "तोंड फुगवतो काय?" म्हणून पुन्हा बोलणी बसली. गावच्या शाळेत सर रागावले असते तर पोरगं घरी येऊन शेळीमागे गेलं असतं. शेळीला गणित माहीत नसतं. इथे मात्र दुपारचं रात्रीपर्यंत पाठ सोडत नाही, आणि वाईट वाटलं हे दिसणं हाच दुसरा गुन्हा होतो.

म्हणून वसतिगृहाबद्दल कोणी विचारलं की मी आधी विचारते, शिकायला बाहेर जातो का? तालुक्याच्या शासकीय वसतिगृहात राहून कॉलेजला जाणाऱ्या मुलाला दिवसातून सहा तास तरी दुसरी ओळख मिळते. आश्रमशाळेत वर्ग, खोली आणि जेवण एकाच आवारात.

पण हे सगळं समजलं म्हणून "काही झालं नाही" असं मी वडिलांना सांगितलं नाही. वरून सारखीच दिसणारी दोन दुखणी असतात. मुलाला मी दोनदा एकटं भेटले. अंथरूण ओलं होतं का, एखाद्या माणसाचं नाव काढलं की गप्प होतो का, अंगावर वळ आहेत का, आंघोळीला कपडे काढायला घाबरतो का, हे पाहिलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात वजन करून जूनच्या नोंदीशी ताडलं. वजन घटलेलं नव्हतं. जुलैत दोनदा अंथरूण ओलं झालं होतं, नंतर नाही. यातलं एखादं जरी वेगळं निघालं असतं तर सुट्टी संपायची वाट न बघता मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ ला फोन केला असता. तसं काही सापडलं नाही, एवढंच मी म्हणू शकत होते.

भाकरीचंही तसंच. तिथे तो उपाशी राहत नव्हता. पण घंटेवर रांगेत मिळतं ते ताटातलं. उशाखालचं तेवढं त्याचं स्वतःचं.

काढून आणायचं तर पोडावर शाळा चौथीपर्यंतच, तेव्हा तो पर्याय नुसता बोलायला होता. सुट्टीचे बारा दिवस हातात होते. "पाणी पिऊ काय?" विचारलं की आई "पी ना बाबा" म्हणायची. मी तेच थांबवायला सांगितलं, कारण "पी" म्हणणं हीसुद्धा परवानगीच. त्याऐवजी आईने स्वतः उठून माठातून पाणी घ्यायचं आणि पेला माठावरच ठेवायचा. आजीने कोलामीतच बोलायचं, त्याने मराठीत उत्तर दिलं तरी टोकायचं नाही. भाकरीसाठी मोठेबाबांनी झाकणाचा डबा आणून दिला, आणि तो कोणी उघडायचा नाही. पाचव्या दिवशी डब्याला मुंग्या लागल्या. आई धावली, मोठेबाबांनी तिला अडवलं. तासाभराने मुलानेच डबा नेऊन कोंबड्यांपुढे झटकला.

शाळेच्या अधीक्षकांकडे मी चार गोष्टी मागितल्या: पेटीची किल्ली मुलाकडे, ताटावर नंबरशेजारी नाव, रविवारी घरी फोन, आणि झोपायला कोलामी बोलणाऱ्या मोठ्या मुलाशेजारी जागा. ते म्हणाले, "मॅडम, पोरं दोनशे, मी एकटा. नंबर नसला तर धुतलेल्या चड्ड्या कोणाच्या ते सांगा." चड्ड्यांचं मला पटलं. किल्ली आणि झोपायची जागा मिळाली. फोन महिन्यातून एकदा ठरला. ताटावर नाव काही आलं नाही.

उन्हाळ्यात मोठेबाबांचा फोन आला. पोरगं विचारल्याबिगर पाणी पिते, आजीशी भांडते, तेही कोलामीत. "पण ताई, पहाटे पाचले उठून अंथरुणाची चौघडी घालते अजून." मी विचारलं, तुम्ही काय करता मग?

"मी बी घालतो ना," ते म्हणाले. "दोघं मिळून घालतो."