पुढच्या दातांत फट पडली, आता किल्ली फिरवू की थांबवू?

"माझी मुलगी साडेआठ वर्षांची आहे. वरचा जबडा अरुंद आहे म्हणून डॉक्टर टाळूला रोज किल्लीने थोडा थोडा उघडायचा स्क्रू बसवायला सांगतात. अजून अर्धे दात दुधाचेच आहेत. सगळे पक्के दात आल्यावर, बारा-तेरा वर्षांची झाली की केलं तर नाही का चालणार? हाड फाकवायचं ऐकूनच पोटात गोळा येतो." — एक आई, फोंडा

वरच्या पक्क्या पहिल्या दाढा नीट आल्या असतील, तर माझ्या मते थांबू नये. बाकीचे दात दुधाचे असले तरी या उपचाराला अडत नाही. डिचोलीच्या एका मुलाचं सांगते, म्हणजे कारण कळेल.

वय नऊ. आईची तक्रार एवढीच, की फोटोत हनुवटी वाकडी येते. मी त्याला तोंड मोठं उघडायला लावलं, तर हनुवटी अगदी मधोमध. मग सावकाश मिटायला सांगितलं. वरचे-खालचे सुळे एकमेकांवर अडकले आणि खालचा जबडा सुळ्‌कन उजवीकडे सरकला. उजव्या बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसल्या होत्या. बघणाऱ्याला दोष एका बाजूचा वाटतो, पण वरचा जबडा दोन्हीकडून अरुंद होता. दात बसायला जागा मिळावी म्हणून पोर जबडा सरकवत होतं. वाढीची वर्षं अशीच गेली, तर खालचा जबडा वाकडाच वाढण्याचा धोका असतो. चार वर्षं थांबू नये म्हणते ते यासाठी.

दुसरं कारण टाळूच्या मधल्या सांध्याचं. टाळूचं हाड दोन भागांचं असतं. लहानपणी त्यांच्यातला सांधा सैल असतो, वय वाढेल तसे दोन्ही कडांचे दाते एकमेकांत रुतत जातात. बारा-तेराव्या वर्षीही बऱ्याच मुलांत तो उघडतो, नाही असं नाही. पण मुली लवकर वयात येतात, त्यामुळे तोवर खात्री कमी होत जाते. पंधरा-सोळानंतर स्क्रूचा जोर हाडाऐवजी दाढांवर पडून त्या नुसत्याच बाहेर कलण्याची भीती असते. मग हाडात छोटे स्क्रू बसवा, नाहीतर शस्त्रक्रिया करा, अशी पाळी येते.

त्या मुलाच्या दाढांना पट्ट्या चिकटवून मध्ये स्क्रू बसवला. किल्ली स्क्रूच्या पुढच्या बाजूच्या भोकात घालायची आणि घशाच्या दिशेने ढकलायची, नवं भोक पूर्ण दिसेपर्यंत. ते अर्धवट दिसलं, तर दुसऱ्या दिवशी किल्ली आत जात नाही. घरी गडबड होते ती इथेच. किल्लीला दोरा बांधून तो मनगटात अडकवा, म्हणजे घशात जाण्याची भीती नाही. एका फिरवणीत पाव मिलिमीटर. सकाळी एक, रात्री एक, असं दोन आठवडे म्हणजे सात मिलिमीटर. प्रत्येक वेळी नाकाच्या मुळाशी काही मिनिटं दाब जाणवतो. सुरुवातीला लाळ सुटते, बोलणं बोबडं होतं.

आठवड्याच्या आतच आईने फोटो पाठवला. वरच्या पुढच्या दोन दातांत मोठी फट! घरात आजी म्हणाली, "पोराचे दात फाकवून ठेवले गो!" आणि किल्ली बंद झाली. खरं तर ती फट हीच सांधा उघडल्याची खूण. स्क्रू जेवढा उघडतो, त्याच्या साधारण निम्मी फट दिसते. पुढे हिरड्यांतले ताणलेले तंतू दोन्ही दातांना ओढून घेतात आणि काही महिन्यांत बहुतेकदा ती आपसूक मिटते. घाबरावं ते उलट झालं तर. आठवडाभर किल्ली फिरवूनही फट नाही, दुखणं मात्र वाढतंय, तर फिरवणं थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.

किल्ली पुन्हा सुरू केली. वरच्या दाढा गरजेपेक्षा थोड्या जास्तच बाहेर नेल्या, कारण त्यातला काही भाग दाढा कलल्यामुळे मिळालेला असतो आणि तो परत येतो. मग स्क्रू पक्का करून यंत्र सहा महिने तसंच ठेवलं. फटीत नवं हाड भरायला वेळ लागतो, लवकर काढलं तर केलेलं परत आवळतं. मधल्या काळात जत्रेतल्या खाज्याने एक पट्टी सुटली. ती पुन्हा चिकटवावी लागली. गुळाचं चिकट आणि कडक खाणं या दिवसांत दूरच ठेवा.

आता तो दात मिटतो तेव्हा जबडा सरकत नाही. नाकाची आतली जागाही थोडी वाढते, पण घोरणं किंवा तोंडाने श्वास घेणं थांबेल म्हणून हा उपचार करू नये. तसं असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. आणि दात वेडेवाकडे असतील, तर पुढे तारा लागतीलच. त्याच्यासाठी आम्ही ते बाराव्या वर्षी बघणार आहोत.